खतावणीतून सभासदनिहाय तक्ता: कामाच्या नोंदी

शनिवार, ६ एप्रिल २०२४

खजिनदार काकांनी आज सोसायटीची खतावणी घरी आणून दिली. जाडजूड, कापडी पाठीची, आणि आत प्रत्येक फ्लॅटला एक पान. दोन विंग, चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे बत्तीस पानं. काम ऐकायला अगदी सोपं आहे: एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षाचा एक तक्ता करायचा. फ्लॅट क्रमांक, महिना, भरलेली रक्कम. लेखापरीक्षकांना तो हवा आहे, आणि कमिटीलाही, कारण या वर्षापासून थकबाकीवर व्याज लावायचं ठरलंय. सभेने १२ टक्के ठरवलेत. आदर्श उपविधींनुसार सरळव्याजाने २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं, त्यामुळे त्यात अडचण नाही. अडचण अशी की कुठला महिना कधीपासून थकलाय हे कळल्याशिवाय व्याज मोजणार कशावर?

पान उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की खतावणीत ‘महिना’ नावाचा रकानाच नाही. डाव्या बाजूला नावे, म्हणजे सभासदाने द्यायची रक्कम, उजव्या बाजूला जमा, म्हणजे त्याने भरलेली, शेवटी शिल्लक. नावे बाजूला दर तिमाहीचं बिल, एकरकमी. जमा बाजूला तारीख, पावती क्रमांक, रक्कम आणि एक शब्द: ‘मेंटेनन्स’. १२ मेला आलेले ५,४०० रुपये कोणत्या महिन्यांचे, हे पान सांगत नाही. ते सांगतं फक्त पैसे कधी आले.

बिलाचा दर सप्टेंबरपर्यंत महिन्याला १,८००, ऑक्टोबरपासून २,१००. म्हणजे तिमाही बिल आधी ५,४००, नंतर ६,३००. यातले महिने मलाच पाडायचे आहेत.

रविवार, ७ एप्रिल

तक्त्याचा साचा ठरवला. आधी मनात होतं ते सगळ्यांच्या मनात असतं तेच: डावीकडे फ्लॅट, वर बारा महिने, मध्ये रकमा. तासाभरात तो साचा सोडून दिला. एका महिन्याचे पैसे दोन पावत्यांनी आले तर एका चौकोनात दोन पावती क्रमांक कसे लिहिणार? एका पावतीत चार महिने असतील तर तोच क्रमांक चार ठिकाणी येणार. आणि चौकोन रिकामा असेल तर ‘पैसे आले नाहीत’ की ‘मी उतरवायला विसरलो’, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून दोन पत्रकं. पहिल्यात खतावणीची ओळ जशी आहे तशी: फ्लॅट, तारीख, पावती, रक्कम, शेरा. त्यात माझं डोकं चालवायचं नाही. दुसऱ्यात वाटप: फ्लॅट, महिना, रक्कम, आणि ती कोणत्या पावतीतून आली. एका ओळीत एकच महिना आणि एकच पावती. आडवा तक्ता शेवटी पिव्होट टेबलने काढायचा, हाताने नाही.

महिन्याचं नाव `2023-04` असं लिहायचं. ‘एप्रिल’ लिहिलं तर क्रमवारी लावताना एप्रिलनंतर थेट ऑक्टोबर येतो आणि मे पार मागून. फ्लॅटही एकाच पद्धतीने, `B-203`. खतावणीतच ‘ब/२०३’, ‘बी २०३’ आणि नुसतं ‘२०३’ अशी तीन रूपं दिसली, आणि २०३ दोन्ही विंगमध्ये आहे.

तक्त्यात ‘भरलेली रक्कम’ हवी आहे, म्हणून फक्त जमा बाजू उतरवायची असं ठरवलं. एकूण १७१ ओळी.

शनिवार, १३ एप्रिल

मी वाचत गेलो, मुलीने टाइप केलं. संध्याकाळपर्यंत १७१ ओळी झाल्या. बेरीज केली तर रोजकीर्दीच्या बेरजेपेक्षा लाखाच्या वर कमी. एखाददुसरी ओळ राहिली तर इतका फरक पडत नाही.

कारण मजेशीर निघालं. जुन्या खजिनदारांनी सप्टेंबरपर्यंत मराठी अंकांत लिहिलंय. नव्या काकांची पद्धत इंग्रजी अंकांची. मुलीने काही पानं फोनवर मराठी कीबोर्डने भरली आणि जसं दिसलं तसं ‘१८००’ टाइप केलं. आमच्या स्प्रेडशीटने ते अक्षरं म्हणून ठेवलं. आणि `SUM` अक्षरं मोजत नाही, तक्रारही करत नाही, गुपचूप सोडून देते. बारकाईने पाहिलं असतं तर दिसलं असतं: आकडे चौकोनात उजवीकडे चिकटलेले, आणि या ओळी डावीकडे. शेजारी एक रकाना घालून तपासलं:

```
=ISNUMBER(D2)
```

त्रेचाळीस ठिकाणी `FALSE`. पायथॉनला मात्र मराठी अंकांचं वावडं नाही; `int("१८००")` लिहिलं की सरळ 1800 मिळतात. अट एकच, मधला स्वल्पविराम आधी काढायला हवा, नाहीतर `ValueError`.

याहून वाईट चूक वाचण्यातली. हस्ताक्षरातला मराठी १ घाईत इंग्रजी 9 वाटतो आणि ५ इंग्रजी 4. ब-१०१ च्या पानावर १,५०० होते, मी वाचले 9,400. दर तिमाहीला ५,४०० भरणारा माणूस एकदम नऊ हजार चारशे कशाला भरेल, म्हणून शंका आली. पण ही शंका रकमेच्या विचित्रपणामुळे आली. रक्कम सरळ वाटणारी असती तर चूक तशीच राहिली असती. वाचताना आता मी ‘पंधराशे’ असं शब्दात म्हणतो, आकडे सुटे सुटे उच्चारत नाही.

तारखांचाही घोळ होता. ‘12/5/23’ ला लॅपटॉपने ५ डिसेंबर मानलं, कारण त्याची मांडणी अमेरिकी होती. ‘20/8/23’ मात्र तशीच अक्षरं राहिली, कारण विसावा महिना नसतो. म्हणजे अर्ध्या तारखा उघड चुकल्या आणि अर्ध्या छुप्या. यावर उपाय पावती पुस्तकातच होता. पावती क्रमांकाने ओळी लावायच्या आणि तारीख कुठे मागे जाते का पाहायचं. मागे गेली की तिथे चूक.

रविवार, १४ एप्रिल

वाटप करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. नियम: सर्वात जुनं देणं आधी. वर्षारंभीची बाकी मात्र एक वेगळं खातं, नाव `मागील`. ती जानेवारीची की मार्चची हे या खतावणीत नाही, आणि अंदाजाने महिना लावून ठेवला तर उद्या तोच अंदाज पुरावा म्हणून कुणीतरी दाखवेल.

```python
def vaatap(baki, rakkam):
    nondi = []
    for mahina in baki:
        n = min(baki[mahina], rakkam)
        if n > 0:
            nondi.append((mahina, n))
            baki[mahina] -= n
            rakkam -= n
    return nondi, rakkam
```

`baki` मध्ये महिने क्रमाने आणि त्यांची देणी. उरलेली रक्कम आगाऊ.

संध्याकाळी खजिनदार काकांना नमुना दाखवला. त्यांनी यादीवरून बोट फिरवत आणलं आणि ब-२०३ वर थांबून मोठ्याने हसले. माझ्या तक्त्यात ब-२०३ चे ५,१०० रुपये आगाऊ जमा होते. ‘‘अरे, या माणसाकडे मी वर्षभर खेटे घालतोय, आणि तू त्याला आगाऊ भरणारा करून टाकलंस!’’

पान पुन्हा पाहिलं. मागील बाकी ३,६००. जमेला १२ मे रोजी ५,४००, २० ऑगस्टला ७,२००, ५ सप्टेंबरला पुन्हा ७,२००, १४ नोव्हेंबरला ४,०००, १० जानेवारीला ६,३००, २५ मार्चला २,०००. एकूण ३२,१००. देणं मागील बाकीसह २७,०००. हिशेब बरोबर, आणि तरीही चूक. २० ऑगस्टचा चेक परत आला होता. ती नोंद २८ ऑगस्टची, नावे बाजूला, ‘चेक परत ७,२००’. मी नावे बाजू उतरवलीच नव्हती.

शनिवार, २० एप्रिल

सगळ्या पानांवरून परत आलेले चेक शोधले. तीन निघाले. मूळ ओळ खोडायची नाही असं ठरवलं. त्याच पावती क्रमांकाने वजा रकमेची दुसरी ओळ घालायची. खोडली तर पहिल्या पत्रकाची बेरीज बँकेच्या पासबुकाशी जुळत नाही, कारण बँकेत चेक जमाही दिसतो आणि परतही दिसतो. वाटपाच्या पत्रकात मात्र अशा पावतीला महिना मिळत नाही.

आता ब-२०३: निव्वळ जमा २४,९००, देणं २७,०००, बाकी २,१००. म्हणजे फक्त मार्च राहिला. काकांचं समाधान होईल असं वाटलं. मग सहज पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलेली शिल्लक पाहिली: नावे ४,३००.

फरक २,२००.

काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘नऊने भाग जातो का बघ.’’ हा जुन्या हिशेबनीसांचा आडाखा आहे. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, ५,४०० चे ४,५०० झाले, तर फरकाला नेहमी ९ ने पूर्ण भाग जातो. २,२०० ला जात नाही. म्हणजे अंक उलटे पडलेले नाहीत, दुसरंच काही आहे.

रविवार, २१ एप्रिल

हे काल सुचायला हवं होतं: एका पानाशी झगडण्याआधी सगळ्या पानांची शेवटची शिल्लक उतरवावी. ते आज केलं. शेजारी माझी बाकी आणि मग फरक. हा रकाना पाहिल्यावर खुर्चीत नीट बसलो. बत्तीसपैकी सव्वीस पानांवर फरक अगदी तोच, २,२००. टाइपिंगच्या चुका इतक्या शिस्तीत होत नसतात.

पावती पुस्तकाची स्थळप्रत काढली. ब-२०३, १४ नोव्हेंबर, ४,०००. खाली दोन ओळी: मेंटेनन्स १,८००, दुरुस्ती निधी २,२००. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी १ नोव्हेंबरला प्रत्येक फ्लॅटच्या नावे २,२०० टाकले होते. खतावणीच्या नावे बाजूला ती ओळ आहेच. जमा बाजूला मात्र पूर्ण ४,००० एका ओळीत, ‘मेंटेनन्स’ म्हणून.

म्हणजे माझ्या तक्त्याने गच्चीचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या देखभालीला लावले होते. चेकच्या वेळी मी नावे बाजूवर नुसती नजर फिरवली आणि हवं तेवढं उचललं. तेव्हाच पूर्ण बाजू उतरवली असती तर आठवडा वाचला असता. आज ती उतरवली: १६४ ओळी. तिमाही बिलं १२८, दुरुस्ती निधी ३२, परत चेक ३, आणि अ-१०४ च्या पानावर हस्तांतरण शुल्काची एक.

पहिल्या पत्रकात ‘कशापोटी’ हा नवा रकाना आला. ४,००० ची ओळ आता दोन ओळींची. ज्या पावत्यांची स्थळप्रत फोड सांगते तिथे तीच फोड.

ब-२०३ चा हिशेब नव्याने:

| पावतीची तारीख | मेंटेनन्सची रक्कम | कुठे गेली |
|---|---|---|
| १२ मे २०२३ | ५,४०० | मागील ३,६००. एप्रिल १,८०० |
| २० ऑगस्ट २०२३ | ० | चेक परत |
| ५ सप्टेंबर २०२३ | ७,२०० | मे, जून, जुलै, ऑगस्ट |
| १४ नोव्हेंबर २०२३ | १,८०० | सप्टेंबर |
| १० जानेवारी २०२४ | ६,३०० | ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर |
| २५ मार्च २०२४ | २,००० | जानेवारी (१०० कमी) |

जानेवारीचे १००, फेब्रुवारी आणि मार्चचे प्रत्येकी २,१००: बाकी ४,३००. पानाच्या तळाशी हेच आहे. शिवाय १० जानेवारीच्या पावतीवर त्यांनी स्वतः ‘ऑक्टो. ते डिसें.’ लिहून घेतलं होतं, आणि वाटपही तिथेच पडलं. आधीच्या चुकीच्या तक्त्यात हीच रक्कम नोव्हेंबर ते फेब्रुवारीवर विखुरली होती. माणसाने लिहून दिलेले महिने आणि माझे महिने जुळत नाहीत, हीच खरं तर पहिली खूण होती. मी ती वाचलीच नाही.

उरलेली सहा पानं. त्यांतल्या तीन पानांवर फरक ३,८२०, म्हणजे २,२०० वर आणखी १,६२०. हे तिन्ही फ्लॅट भाड्याने दिलेले. त्यांच्या बिलात बिनभोगवटा शुल्क असतं, सेवाशुल्काच्या १० टक्के. मी सगळ्यांना सरसकट १,८०० आणि २,१०० धरले होते. आता देणं सूत्रातून न घेता नावे बाजूच्या बिलातूनच घेतो आणि तिनाने भागतो.

अ-४०२ वर २,२०० बाजूला काढल्यावर ९०० उरले. नऊने भाग जातो. पाहिलं तर खरंच ५,४०० च्या जागी ४,५००. खूश होऊन अ-३०३ कडे वळलो. तिथे १,८०० उरत होते, नऊने भाग जातो, म्हणून अर्धा तास उलटे अंक शोधत बसलो. उलटं काहीच नव्हतं. एक पूर्ण ओळच राहिली होती, १,८०० ची. आमचा जुना दरच नऊच्या पटीत आहे, त्यामुळे राहिलेली ओळ आणि उलटा अंक दोन्ही सारखेच दिसतात. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘म्हणूनच तर नवा दर २,१०० केला.’’

शनिवार, २७ एप्रिल

अ-२०१ च्या आजोबांचा प्रश्न. ते दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्षाचे पैसे भरून मोकळे होतात. ८ एप्रिल २०२३ ला २१,६०० भरले, पावतीवर ‘एप्रिल २३ ते मार्च २४’. तेव्हा दर १,८०० होता. ऑक्टोबरपासून तो ३०० ने वाढला, वाढीचे १,८०० त्यांच्याकडून अजून यायचे आहेत.

‘जुनं आधी’ हा नियम लावला तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी पूर्ण भरतात आणि मार्चमध्ये ३०० पडतात. तक्ता म्हणतो, आजोबांनी मार्च जवळजवळ भरलाच नाही. सचिवांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हे त्यांना दाखवायची माझी हिंमत नाही.’’ पावतीवर लिहिलेले महिने मानले तर ऑक्टोबर ते मार्च प्रत्येक महिन्यात ३०० कमी. बेरीज दोन्हीकडे १,८००.

सचिव बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनीच भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कलमं ५९ ते ६१ दाखवली. क्रम साधा आहे. पैसे देणाऱ्याने ते कोणत्या देण्यापोटी हे सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर त्याच देण्याला लावायचे. त्याने काही सांगितलं नाही तर घेणाऱ्याला निवडता येतं. दोघांनीही ठरवलं नाही तर तारखेने जुनं देणं आधी. आगाऊ रकमेला हे तंतोतंत कसं लागू होतं हा वकिलांचा विषय, पण मला नेमका असाच क्रम हवा होता. मी थेट तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली होती.

पहिल्या पत्रकात आणखी एक रकाना: ‘पावतीवर लिहिलेला काळ’. राहिलेली ओळ धरून १७२ पैकी ५८ पावत्यांवर काळ लिहिलेला सापडला. प्रोग्राम आधी या पावत्या त्या त्या महिन्यांना लावतो, आणि उरलेल्या जुन्यापासून. निम्म्याहून कमी पावत्या बोलतात, पण बहुतेक भांडणं त्याच सोडवतील.

यात एक गंमत आहे, ती सचिवांच्या लक्षात आली, माझ्या नाही. ‘जुनं आधी’ लावलं तर आजोबांची थकबाकी फक्त मार्चपासूनची ठरते. पावतीप्रमाणे लावलं तर ऑक्टोबरचे ३०० ऑक्टोबरपासूनच थकलेले. म्हणजे ज्या मांडणीत ते प्रामाणिक दिसतात तिच्यातच त्यांना व्याज जास्त. ते लावायचं की नाही हे कमिटी ठरवेल. तक्त्यात मी ३०० च ठेवले.

रविवार, २८ एप्रिल

अ-१०४ डिसेंबरमध्ये विकला गेला. खतावणीत पान तेच, फक्त मध्ये लाल शाईची रेघ आणि पुढे नवं नाव. ‘सभासदनिहाय’ तक्ता म्हटल्यावर फ्लॅट क्रमांक पुरत नाही हे इथे कळलं. सभासद नोंदवहीतला, म्हणजे ‘आय’ नमुन्यातला, सभासद क्रमांक फ्लॅटच्या शेजारी घातला. नोव्हेंबरपर्यंतच्या ओळी जुन्या क्रमांकावर, डिसेंबरपासूनच्या नव्या.

अडचण एकाच पावतीची. नव्या सभासदाने पहिल्याच चेकने जुन्याची ऑक्टोबर-नोव्हेंबरची बाकी आणि हस्तांतरण शुल्काचे ५०० असे एकदम भरले. महिना जुन्या माणसाचा, पैसे नव्याचे. ओळ ज्याच्या काळाची त्याच्या नावावर ठेवली आणि शेऱ्यात ‘भरणा: नवीन सभासद’ लिहिलं. उलटं केलं असतं तर नव्या माणसाने राहायला येण्याआधीच्या महिन्यांचं देणं दिल्याचं दिसलं असतं आणि जुना माणूस कायमचा थकबाकीदार.

या पानावरचा फरकही आता सुटला: २,७००, म्हणजे दुरुस्ती निधी अधिक हे ५००.

शनिवार, ४ मे

आज तिन्ही ताळे एकत्र घेतले. पहिला, पानागणिक: माझी बाकी आणि खतावणीतली शिल्लक, बत्तीस पानं, फरक सगळीकडे शून्य. दुसरा, पावती क्रमांक: मध्ये एकही सुटलेला नाही, दोन रद्द पावत्या आहेत, त्यांच्या दोन्ही प्रती पुस्तकातच आहेत. तिसरा, एकूण: मेंटेनन्सची मागील बाकी ४१,४००, वर्षाची बिलं ७,५३,६६०, आलेले ७,३६,८००, शिल्लक येणं ५८,२६०. या शेवटच्या आकड्यात आगाऊ भरलेले ८,८०० वजा आहेत. प्रत्यक्ष थकबाकी ६७,०६०, आणि लेखापरीक्षकांना हे दोन आकडे वेगळेच हवे असतात, म्हणून एकमेकांत मिसळून दाखवायचे नाहीत.

दुसऱ्या ताळ्याशिवाय पहिल्यावर विसंबून चाललं नसतं. काकांनी खतावणीत एखादी पावती चढवायचीच सोडली असती, तर माझं पानही त्यांच्या पानाशी जुळलं असतं आणि दोघेही चुकलो असतो. खतावणी ही रोजकीर्दीवरून उतरवलेली, आणि माझा तक्ता खतावणीवरून.

पिव्होट काढला: ओळीत फ्लॅट आणि सभासद क्रमांक, वर महिने. रिकाम्या चौकोनाचा अर्थ आता एकच, त्या महिन्याला एक रुपयाही लागलेला नाही. अर्धवट महिने ओळखू यावेत म्हणून बिलाची रक्कम शेजारच्या पत्रकात ठेवली आणि भरलेली रक्कम तिच्यापेक्षा कमी असेल तर चौकोन पिवळा.

सचिवांनी तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा म्हटलं. काका आणि मी दोघेही एकदम ‘नको’ म्हणालो. सूचना फलकावर काय लावायचं ते कमिटी बघेल. प्रत्येकाला त्याच्या फ्लॅटच्या ओळी मात्र पावती क्रमांकांसह द्यायच्या, आणि आक्षेपासाठी पंधरा दिवस.

संध्याकाळी ब-२०३ चे गृहस्थ स्वतःची यादी घेऊन वर आले. जानेवारीचे शंभर रुपये कसे कमी, हा प्रश्न होता. पावती दाखवली. ‘‘सुटे नव्हते त्या दिवशी,’’ म्हणाले, आणि शंभराची नोट टेबलावर ठेवली. काकांनी पावती फाडली. त्यावर मी त्यांना ‘जानेवारी २०२४’ लिहायला लावलं.